डॉप्लरमध्ये रक्ताचा वेग आणि तो तिरका कोन

प्रश्न: डॉप्लर सोनोग्राफीच्या सूत्रात cosθ का येतो? प्रोब तर रक्तवाहिनीला नेहमी तिरकाच लागतो, मग कोन ६० च्या आत ठेवा असं का सांगतात? पाच-दहा अंशांनी काय बिघडतं?

उत्तर:

मी रक्तवाहिन्यांचं डॉप्लर करते, त्यामुळे हा कोन माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: मशीन वेग मोजत नाही. ते मोजतं फक्त पाठवलेल्या आणि परत आलेल्या आवाजाच्या वारंवारतेतला फरक. त्या फरकाचा वेग करायला लागणारा कोन मशीनला माहीत नसतो, तो आपण पडद्यावरची छोटी रेघ फिरवून सांगतो. आपण चुकीचा सांगितला तर मशीन तक्रार करत नाही, चुकीचा आकडा तितक्याच ठामपणे दाखवतं.

कोसाइन कुठून येतो ते एका लाल पेशीकडे बघून कळेल. समजा ती रक्तवाहिनीतून प्रोबच्या दिशेने १ मिलिमीटर पुढे सरकली. प्रोबमधून निघणारा लहरींचा झोत, म्हणजे बीम, अगदी वाहिनीच्या रेषेतून येत असेल तर पेशी प्रोबच्या पूर्ण १ मिलिमीटर जवळ आली. बीम ६० अंशांतून येत असेल तर ती तितकंच चालली, पण प्रोबपासूनचं अंतर अर्ध्याच मिलिमीटरने कमी झालं. आणि बीम काटकोनात असेल तर पेशी समोरून आडवी गेली, अंतर जवळजवळ बदललंच नाही. लहरींना कळतं ते फक्त हे जवळ येणं किंवा दूर जाणं. चाललेल्या अंतराचा जो हिस्सा बीमच्या रेषेत पडतो तोच cosθ. सूत्रातला २ आहे तो येण्याजाण्याचा: पेशी जितकी जवळ येते, त्याच्या दुप्पट लहरीचा एकूण प्रवास कमी होतो.

```
v = (c × Δf) / (2 × f0 × cosθ)
```

यात v म्हणजे रक्ताचा वेग, c आवाजाचा वेग, f0 पाठवलेली वारंवारता, Δf वारंवारतेतला फरक आणि θ बीम आणि वाहिनी यांच्यातला कोन. आता आकडे घालून पाहू. प्रोबची वारंवारता ५ मेगाहर्ट्झ, कोन ६० अंश, मिळालेला फरक ३२५० हर्ट्झ. मऊ ऊतींमधला आवाजाचा वेग मशीन १५४० मीटर प्रतिसेकंद धरतं. वरच्या बाजूला १५४० गुणिले ३२५०, म्हणजे सुमारे ५० लाख. खालच्या बाजूला २ गुणिले ५० लाख गुणिले ०.५, म्हणजे ५० लाख. वेग आला १ मीटर प्रतिसेकंद, आमच्या भाषेत १०० सेंटिमीटर. हे ३२५० हर्ट्झ माणसाच्या कानाला ऐकू येतात. तपासणीच्या वेळी स्पीकरमधून जो 'हुश्श हुश्श' आवाज येतो तो हाच फरक असतो, रक्ताचा स्वतःचा आवाज नव्हे.

तुमच्या प्रश्नातल्या पाच अंशांकडे येते. कोसाइन शून्याजवळ जवळजवळ सपाट असतो आणि ९० कडे जाताना कड्यावरून उतरल्यासारखा घसरतो. खरा कोन ३० असताना तुम्ही ३५ सांगितलात तर वेग साधारण ६ टक्के जास्त येतो, तेवढं चालून जातं. खरा ६० असताना ६५ सांगितलात तर वरचे १०० सेंटिमीटर ११८ होतात. ७० च्या जागी ७५ सांगितलात तर चूक ३२ टक्क्यांवर जाते, आणि ८० च्या जागी ८५ म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट. हाताने रेघ लावताना दोन-चार अंश इकडेतिकडे होणारच, कितीही सराव असला तरी. ६० ची मर्यादा त्यासाठी आहे. ६० ला काही जादू नाही, हाताची नेहमीची चूक तिथपर्यंत आवाक्यात राहते इतकंच.

मग तुम्ही म्हणाल, २० किंवा ३० अंशच का घेत नाही? मानेतली कॅरोटिड धमनी त्वचेला जवळजवळ समांतर धावते. प्रोब सपाट ठेवला की बीम तिच्यावर काटकोनात पडतो, म्हणजे सगळ्यात वाईट कोन. बटणाने बीम साधारण २० अंश कलवता येतो, मग उरतात ७०. उरलेले १० हाताने काढायचे: प्रोबचं एक टोक हलकं दाबायचं, दुसऱ्या टोकाखाली जेल भरू द्यायचं आणि पडद्यावर वाहिनी तिरकी दिसेपर्यंत थांबायचं. असे ६० मिळतात. मानेत यापेक्षा फारसं खाली जाता येत नाही. हृदयाची गोष्ट वेगळी, तिथे टोकाकडून बीम प्रवाहाच्या जवळजवळ रेषेत धरता येतो. २० अंशांचा फरक राहिला तरी वेग ६ टक्केच कमी येतो, म्हणून तिथे सहसा कोनाची दुरुस्ती करतच नाहीत.

एक प्रसंग सांगते, सुरुवातीच्या वर्षांतला आणि माझ्याच हातून घडलेला. एका रुग्णाच्या कॅरोटिडची तपासणी चालली होती. सामाईक कॅरोटिडमध्ये ६० अंशांवर रेघ नीट लावली, वेग आला ७८. तसाच पुढे सरकत आतल्या कॅरोटिडमध्ये गेट, म्हणजे जिथला वेग मोजायचा ती खूण, ठेवला, वेगाचा आलेख छान आला, फ्रीझ केला, शिखराचा वेग १४२. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या परिषदेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत १२५ च्या वर गेलं की ५० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंदपणा धरतात, २३० च्या वर ७० टक्के. म्हणजे माझ्या आकड्याने रुग्ण एका गटातून दुसऱ्या गटात गेला.

पण चित्र त्या आकड्याशी जुळेना. भिंतीवर प्लाकचा, म्हणजे साचलेल्या चरबीचा, पातळसा थर होता, पोकळी मात्र मोकळी दिसत होती. रंगीत डॉप्लरमध्ये कुठे रंगांची खिचडी नव्हती. आतल्या आणि सामाईक वाहिनीतल्या वेगांचं प्रमाणही १.८, म्हणजे २ च्या आत. माझ्या वरिष्ठांनी आलेखाकडे पाहिलंच नाही, वरच्या छोट्या चित्रातल्या रेघेवर बोट ठेवलं. सामाईक वाहिनीसाठी लावलेली रेघ तशीच राहिली होती, आणि आतली कॅरोटिड तिथे खोलवर वळत होती. रेघ आणि भिंत समांतर नव्हत्या. रेघ फिरवून भिंतीला लावली तेव्हा खरा कोन निघाला ४८.

फ्रीझ केलेल्या आलेखावर कोन बदलला की काय होतं ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आलेख जागचा हलला नाही, एकही शिखर बदललं नाही. बदलली फक्त बाजूची मोजपट्टी. १४२ चे १०६ झाले. तोच रुग्ण, तोच आवाज, तोच वारंवारतेतला फरक. ४८ चा कोसाइन ०.६७, ६० चा ०.५. सगळा फरक त्या भागाकारात होता.

तेव्हापासून मी गेट हलवला की आधी रेघ पाहते, मग आलेख. दिशाही लक्षात ठेवण्यासारखी आहे: रेघेचा कोन खऱ्यापेक्षा मोठा सांगितला तर वेग फुगतो, लहान सांगितला तर दबतो. रेघ भिंतीला समांतर लावायची की प्रवाहाच्या धारेला, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. अरुंद जागेतून धार कधीकधी तिरकी उडते. मी भिंतीला लावते, कारण सहा महिन्यांनी दुसरं कोणी तपासेल तेव्हा त्यांनाही तीच भिंत सापडेल.

आता एक बारकावा, जो सूत्रात दिसत नाही. प्रोबचा बीम खरं तर एक रेघ नसतो, बऱ्याच घटकांच्या रुंद पट्टीतून तो निघतो. मधल्या घटकाला वाहिनी ६० अंशांवर दिसत असेल तर एका टोकाला ती ५५ वर दिसते, दुसऱ्या टोकाला ६५ वर. एकाच वेगाच्या पेशींकडून त्यामुळे वेगवेगळे फरक परत येतात आणि आलेखाची कड जाड होते. आपण शिखर मोजतो ते वरच्या कडेला, म्हणजे ५५ वाल्या टोकाचं, पण भागतो ६० च्या कोसाइनने. या उदाहरणात वेग १५ टक्के फुगला. मधला कोन ७५ असता तर त्याच पाच अंशांनी ३२ टक्के फुगला असता. म्हणजे रेघ अगदी अचूक लावली तरी मोठ्या कोनावर आकडा जास्तच येतो. म्हणून फेरतपासणीत जुन्या रिपोर्टातला कोन पाहून शक्यतो तोच ठेवावा असं माझं मत आहे. गेल्या वेळी ४५ वर मोजलं आणि या वेळी ६० वर, तर वाढलेला वेग आजाराचा की कोनाचा हे सांगता येत नाही.

कोन ९० च्या जवळ गेल्याची खूण सोपी आहे. आलेख बेसलाइनच्या वर आणि खाली सारखाच उमटतो, आरशात पाहिल्यासारखा, कारण रुंद बीमच्या एका बाजूला रक्त जवळ येताना दिसतं आणि दुसऱ्या बाजूला दूर जाताना. तिथे वेग मोजू नका, प्रोब कलवा.

शेवटी, जिथे कोन कळणंच शक्य नसतं तिथलं. गर्भाच्या नाळेतल्या धमन्या पिळलेल्या असतात, रेघ कशाला लावणार? तिथे वेगाऐवजी प्रमाण काढतात: शिखराच्या वेगातून हृदयाच्या ठोक्याच्या शेवटच्या टप्प्यातला वेग वजा करून शिखराने भागायचं. वर आणि खाली एकच cosθ असल्याने तो कटतो. पण कागदावर कटला म्हणजे प्रत्यक्षातही कटतोच असं नाही. कोन खूप मोठा असला की शेवटच्या टप्प्यातला मंद प्रवाह इतका लहान फरक देतो की तो भिंतींचा थरथराट गाळणाऱ्या वॉल फिल्टरखाली गडप होतो. आलेखात तिथे शून्य दिसतं आणि प्रवाह थांबतोय असं वाटतं. गर्भाच्या बाबतीत तो फार गंभीर निष्कर्ष आहे. म्हणून तसं दिसलं तर मी फिल्टर कमी करते, प्रोब हलवून दुसऱ्या कोनातून नाळेचा दुसरा वेढा धरते, आणि तिथेही शून्यच आलं तर मगच लिहिते.