लॅपटॉप पुण्यात, व्हॉट्सअ‍ॅप माझं

*ताई, मे महिन्यात नणंदेचा मुलगा परीक्षेसाठी आमच्याकडे राहिला होता. माझ्या फोनवरचे कागद प्रिंट करायला त्याने माझं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या लॅपटॉपवर जोडलं. तो पुण्याला परत गेला, पण हल्ली मी न उघडलेले मेसेज वाचलेले दिसतात. परस्पर लॉगआउट केलं तर नणंदेला राग येईल का? त्याचं काही काम अडेल का?*

आधी खात्री करा, मग रागालोभाचं बघू. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरचे तीन ठिपके दाबा आणि Linked devices उघडा. आयफोन असेल तर हेच सेटिंग्जमध्ये मिळेल. तिथे लॅपटॉपचं नाव आणि तो शेवटचा कधी सुरू होता ती वेळ दिसेल. मात्र नुसत्या वेळेवरून मुलाला चोर ठरवू नका. ब्राउझरमध्ये टॅब उघडा राहिला असेल, तर तो लॅपटॉप चालू करताच ती वेळ बदलू शकते. तुम्ही हात न लावलेला मेसेज वाचलेला दिसणं ही मात्र मोठी खूण. त्यासाठी बहुतेक वेळा कुणीतरी ते चॅट उघडावं लागतं. कुणी, ते फोन सांगत नाही. त्याच्या खोलीतला मित्रही असेल.

त्याच लॅपटॉपच्या नावावर बोट ठेवा आणि Log out दाबा. त्याचं काही बिघडत नाही. तुमचे सगळे मेसेज तुमच्या फोनवर असतात, त्याचं स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप वेगळं. आपोआप बंद होईल म्हणून वाट बघू नका. चौदा दिवस फोनवर व्हॉट्सअ‍ॅप वापरलंच नाही, तर जोडलेली यंत्रं सुटतात, आणि तुम्ही तर रोज वापरता. तुमचा फोन बंद असला तरी लॅपटॉपवर मेसेज येत राहतात, हेही लक्षात असू द्या.

लॉगआउटने एक गोष्ट होत नाही. प्रिंटसाठी उतरवलेले आधार, पासबुक वगैरे त्याच्या Downloads फोल्डरमध्ये तसेच पडून राहतात. ते त्यालाच पुसायला सांगावे लागतील. आणि पुन्हा जोडायचं झालं तर फोन हातात घेऊन बोटाचा ठसा किंवा लॉकचा पिन द्यावा लागतो. तो पिन भाच्याला पाठ असेल (आपल्या घरांत तो सगळ्यांनाच पाठ असतो), तर आजच बदला.

राहिली नणंद. तिला मध्ये घेऊच नका. लॉगआउट करून त्याच संध्याकाळी भाच्याला फोन लावा: "अरे, तुझ्या लॅपटॉपवर माझं व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहिलं होतं, काढून टाकलंय. माझे कागदही पुसून टाक बरं." आरोप नाही, चौकशी नाही. पुढच्या वेळी प्रिंट हवी असेल तर ती फाइल त्याच्याच नंबरवर पाठवा. त्यासाठी तुमचं व्हॉट्सअ‍ॅप जोडावं लागत नाही.