मार्चचं बिल, एप्रिलमध्ये परत आलेला माल

प्रश्न : वकीलसाहेब, माझा सोलापुरात चादरींचा व्यापार आहे. २४ मार्च २०२६ ला पुण्याच्या व्यापाऱ्याला ४ लाखांचा माल दिला, वर ५ टक्के जीएसटी. मार्चचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरला आणि १८ एप्रिलला ६० हजारांचा माल परत आला. जीएसटीआर-३बी, म्हणजे ज्यासोबत कर भरतात ते विवरणपत्र, अजून भरायचं आहे. अकाउंटंट म्हणतो, जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करण्याच्या १ए फॉर्ममधून मार्चचं बिलच कमी करू. चालेल का?

उत्तर : नाही, मार्चच्या बिलाला हात लावू नका. २४ मार्चला ४ लाखांचा माल खरोखरच गेला होता, त्यामुळे ते बिल बरोबर आहे. १ए ची सोय नजरचुकीने चुकलेला किंवा राहून गेलेला तपशील दुरुस्त करण्यासाठी आहे. माल परत येणं ही एप्रिलमधली वेगळी घटना. बिल ३ लाख ४० हजारांचं केलंत, तर ते खरेदीदाराच्या हातातल्या बिलाशी जुळणार नाही आणि नोटीस आली की खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे एप्रिलच्या तारखेची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, काढा : माल ६० हजार, सीजीएसटी १,५०० आणि एसजीएसटी १,५००. मूळ बिलाचा क्रमांक व तारीख तिच्यावर हवीच. ही नोट एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये, तक्ता ९बी मध्ये दाखवा. मार्चचा कर पूर्ण २० हजार भरा. ३ हजार एप्रिलच्या करातून वजा होतील. महिनाभर पैसे अडकतात हे खरं, पण कायद्याने वजावट क्रेडिट नोट ज्या महिन्यात निघते त्याच महिन्याला जोडली आहे.

खरी अडचण पुण्याच्या बाजूने येऊ शकते. खरेदीदाराने या बिलाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची सूट, घेतलं असेल, तर त्याने ते ३ हजारांनी उलटवल्याशिवाय तुमची वजावट टिकत नाही. कायद्यात ही अट १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पष्ट शब्दांत आली आहे. जीएसटी पोर्टलवरच्या आयएमएसमध्ये, म्हणजे खरेदीदार बिलं आणि नोटा स्वीकारतो किंवा नाकारतो त्या सोयीत, त्याने नोट नाकारली, तर ती रक्कम पुढच्या ३बी मध्ये पुन्हा तुमच्या देण्यात येते. म्हणून नोट काढण्याआधी त्याला फोन करा, रक्कम ठरवा आणि नोट स्वीकारल्याचं त्याच्याकडून लेखी घ्या. व्हॉट्सअॅपपेक्षा ईमेल बरा.

वर्ष बदललं म्हणून हक्क जात नाही. २०२५-२६ च्या विक्रीची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत विवरणपत्रात दाखवता येते. मात्र त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र आधी भरलंत, तर मुदत त्याच दिवशी संपते. तेव्हा ते भरण्याआधी परतीच्या मालाची यादी तपासा. मुदत उलटल्यावरही मालाच्या किमतीपुरती, कराविना क्रेडिट नोट देता येते, पण ३ हजारांचा कर तुमच्या अंगावरच राहतो. अशा वेळी खरेदीदाराने स्वतःचं कर-बिल काढून माल परत पाठवला, तर त्या करावर तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळू शकतं.