सीडीएफच्या आलेखावरची उडी, सपाट भाग आणि ठिपके

प्रश्न: सीडीएफचा, म्हणजे संचयी वितरण फलनाचा, आलेख दिला की P(X < a) आणि P(X ≤ a) यांत माझा गोंधळ होतो. उडी आणि सपाट भाग कसे वाचायचे? आणि फलन उजव्या बाजूनेच संतत का असतं?

उत्तर: मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात मी यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो, तेच इथे देतो. आकडे मनचे आहेत.

रंकाळ्यापासून विद्यापीठाकडे जायला तुम्ही थांब्यावर आलात. बस समोरच उभी असण्याची संभाव्यता ०.३. ती नसेल तर पहिली पाच मिनिटं बस येतच नाही. पाच ते पंधरा मिनिटांच्या दरम्यान ती येण्याची संभाव्यता ०.५, आणि त्या दहा मिनिटांत ही संभाव्यता सारखी पसरलेली आहे. उरलेल्या ०.२ वेळा बस येत नाही आणि बरोबर विसाव्या मिनिटाला तुम्ही रिक्षा पकडता. X म्हणजे थांब्यावर गेलेली मिनिटं, आणि त्याचं सीडीएफ म्हणजे F(x) = P(X ≤ x).

आलेख कागदावर काढा. शून्याच्या डावीकडे उंची ०. शून्यावर एकदम ०.३. तिथून पाचपर्यंत आडवी रेघ. पाचपासून पंधरापर्यंत तिरकी रेघ ०.८ पर्यंत चढते. पुढे वीसपर्यंत पुन्हा आडवी, आणि विसावर उडी मारून १. उडीच्या जागी वरच्या टोकाला भरीव ठिपका, खालच्या टोकाला पोकळ वर्तुळ.

F(२०) ही भरीव ठिपक्याची उंची, म्हणून P(X ≤ २०) = १. पोकळ वर्तुळाची उंची म्हणजे डावीकडून विसाजवळ येताना मिळणारी किंमत. तिला F(२०−) म्हणू. P(X < २०) ती सांगते: ०.८. दोन्हींतला फरक ०.२ म्हणजेच P(X = २०). एखाद्या बिंदूची स्वतःची संभाव्यता हवी असेल तर तिथल्या उडीची लांबी मोजायची, आलेखाची उंची नाही. F(१०) = ०.५५ आहे, पण तिथे उडी नाही, म्हणून P(X = १०) = ०. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

आता सपाट भाग. रेघ आडवी म्हणजे त्या पट्ट्यात काही साचलं नाही: P(२ < X < ४) = ०. मात्र टोकं सांभाळा. P(१५ < X < २०) शून्य आहे, पण P(१५ < X ≤ २०) = ०.२, कारण उजव्या टोकाला उडी आहे. मधल्या अंतरांचा सगळा हिशेब यावरूनच बसतो. टोक आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं ते ठरवा आणि त्याप्रमाणे F(a) किंवा F(a−) वजा करा. P(० < X ≤ १०) = ०.५५ − ०.३ = ०.२५. शून्यही आत घेतलं, तर P(० ≤ X ≤ १०) = ०.५५ − F(०−) = ०.५५, कारण समोरच उभी असलेली बस आता हिशेबात आली.

उजवं सांतत्य हा वेगळा पाठ करायचा नियम नाही; तो व्याख्येतल्या "≤" मधून येतो. X ≤ २०.१, X ≤ २०.०१, X ≤ २०.००१ या घटना आकसत जातात आणि त्यांत कायम टिकून राहतं ते नेमकं X ≤ २०. म्हणून उजवीकडून येताना उंची F(२०) लाच पोचते. डावीकडून X ≤ १९.९, X ≤ १९.९९ अशा घटना वाढत जातात, पण त्या सगळ्या एकत्र केल्या तरी फक्त X < २० मिळतं. रिक्षा पकडण्याचा क्षण त्यांतल्या एकीतही नाही, आणि तेवढ्या ०.२ ने उंची कमी पडते.

म्हणूनच पुस्तक बदललं की आधी व्याख्या बघा. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली F(x) ची व्याख्या P(X < x) अशी केली होती आणि काही रशियन पुस्तकांत तीच चालते. तिथे फलन डावीकडून संतत असतं आणि भरीव ठिपका उडीच्या खालच्या टोकाला येतो. संभाव्यता बदलत नाहीत, फक्त वाचण्याची जागा बदलते.

संगणकावर काढलेल्या आलेखात ठिपके बहुधा नसतात. उडीच्या जागी उभी रेघ दिसते. ती आलेखाचा भाग नाही, तिच्यावरची मधली उंची F कधीच घेत नाही. विदेवरून सीडीएफच्या पायऱ्या काढायला तुम्ही पायथॉनमध्ये `plt.step` वापरत असाल तर `where='post'` द्या. न दिल्यास ते `'pre'` धरतं आणि प्रत्येक पायरीची उंची एक बिंदू आधीच सुरू होते. पडताळण्यासाठी एखाद्या सपाट भागाच्या मधला x घ्या आणि विदेतल्या त्या x पर्यंतच्या नोंदी मोजून एकूण नोंदींनी भागा. उत्तर रेघेच्या उंचीशी जुळलं नाही, तर पायऱ्या सरकल्या आहेत.