मोटर घुमते पण उचलत नाही: बोअरला हात लावण्याआधी पॅनल उघडा

"घरच्या बोअरवर 1 एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल आहे, 280 फुटांवर सोडलेली. हिरवं बटन दाबलं की नुसती घुंऽऽ करते, अँपियरची सुई टोकाला जाते आणि थोड्या वेळात ट्रिप होते. पंधरा दिवसांपूर्वी पॅनलमधला काळा कंडेन्सर फुटला होता. नवा टाकला, पाच-सहा दिवस चालली, आता परत तेच. वायरमन म्हणतो कॉइल गेली, मोटर काढा. काढू का? गाव यावल तालुक्यात आहे."

भाऊ, अजून काढू नका. तुम्ही जे सांगितलंय त्यावरून माझा पहिला संशय हिरव्या बटनाच्या आतल्या स्टार्टिंग पॉइंटवर आहे. मोटरचा नंबर बराच नंतर लागतो. तपासायला अर्धा तास आणि एक मल्टिमीटर पुरतो.

आधी हा आवाज काय सांगतो ते बघा. सिंगल फेज मोटरमध्ये दोन कॉइल असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. एकट्या रनिंग कॉइलला करंट मिळाला तर मोटर घुमते, पण फिरायची सुरुवात करू शकत नाही. तो धक्का स्टार्टिंग कॉइल देते, आणि तिचा करंट कंडेन्सरमधून येतो. तुमची सुई टोकाला जाते, म्हणजे रनिंग कॉइल करंट भरपूर ओढतेय. कुठेतरी तुटलंय ते बहुधा स्टार्टिंगच्या वाटेवर. त्या वाटेवर चार ठिकाणं येतात: बटनाचा पॉइंट, काळा कंडेन्सर, केबलची एक तार आणि खाली मोटरमधली कॉइल. पहिली दोन तुमच्या हाताशी, पेटीतच आहेत.

पॅनलमध्ये कंडेन्सर दोन असतात. पांढरा किंवा ॲल्युमिनियमच्या डब्याचा, 36 मायक्रोफॅरडच्या आसपास आणि 440 व्होल्टचा, तो रनिंगचा. तो मोटर चालू असेपर्यंत लाइनीत राहतो. काळा, 120-150 मायक्रोफॅरड आणि 275 व्होल्टचा, तो स्टार्टिंगचा. साध्या पॅनलमध्ये हिरवं बटन दाबून धरलेलं असेपर्यंतच तो लाइनीत असतो. बोट उचललं की आतली स्प्रिंग पॉइंट उघडते, काळा बाजूला होतो आणि मोटर पांढऱ्यावर चालते. काळा कंडेन्सर बनलेलाच मुळी दोन-तीन सेकंदांच्या कामासाठी आहे.

आता तुमचा कंडेन्सर का फुटला ते लक्षात येईल. बटनाचा पॉइंट चिकटला किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर बोट उचलल्यावरही काळा लाइनीत राहतो, तापतो आणि टोपीतून किंवा बुडातून रस टाकतो. दुकानातून नवा आणला, पण पॉइंट तोच राहिला. म्हणून पाच-सहा दिवसांत एकतर नवाही गेला, नाहीतर ठिणग्या खाऊन खाऊन पॉइंट इतका जळाला की आता टेकतच नाही. दोन्हींत मोटर नुसती घुमणार. काळा कंडेन्सर फुटला की त्याच दिवशी बटनही बदलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कंडेन्सर एकटा क्वचितच मरतो.

उघडताना मीटरजवळचा मेन स्विच पाडा. पॅनलच्या लाल बटनावर विसंबू नका, ते बऱ्याचदा एकच तार तोडतं आणि कुठली तोडतं ते वायरिंग करणाऱ्यावर असतं. टेस्टर लावून खात्री करा. मग दोन्ही कंडेन्सर रिकामे करा. होल्डरमध्ये जुना पिवळा तारेचा बल्ब लावून त्याची दोन टोकं कंडेन्सरच्या दोन पिनांना पाच-दहा सेकंद धरा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. पाना आडवा टाकून ठिणगी काढू नका, त्याने कंडेन्सर आतून खराब होतो.

काळा कंडेन्सर नीट न्याहाळा. टोपी फुगलेली, बाजूला तेलकट ओघळ, जळका वास, यांतलं काही दिसलं तर तो गेला. बाहेरून कोरा दिसला तरी एक वायर काढून मल्टिमीटरने मोजा, पण मीटर 200 मायक्रोफॅरडपर्यंत वाचणारं हवं. स्वस्त मीटर 20 वर थांबतात आणि चांगल्या कंडेन्सरलाही बाद ठरवतात. 120-150 लिहिलेला 120 च्या बराच खाली आला तर बदला. पांढराही मोजा. 36 चा 34 दाखवत असेल तर ठीक, 30-31 वर आला असेल तर तोही बदला. तो कमजोर झाला की मोटर कशीबशी उचलते पण जास्त अँपियर घेत चालते आणि थोड्या वेळाने ट्रिप होते.

आता बटन. काळ्या कंडेन्सरची वायर सुटलेली असतानाच मीटर बीपवर ठेवून बटनाच्या स्टार्टिंग पॉइंटच्या दोन स्क्रूंवर टोकं लावा. हिरवं पूर्ण दाबलं की बीप, सोडलं की ताबडतोब बंद. असं दहा-बारा वेळा करा, कारण जळका पॉइंट चार वेळा लागतो आणि पाचव्यांदा दगा देतो. दाबूनही बीप नाही म्हणजे पॉइंट जळाला. सोडूनही बीप चालू म्हणजे चिकटला. बटन उघडलंत तर आत काळी काजळी आणि खड्डा पडलेली चांदीची टिकली दिसेल. कधी दोन टिकल्यांमध्ये चिरडलेल्या मुंग्यांचा थरही सापडतो. मुंग्यांना पॅनलची ऊब आवडते, म्हणून खालचं वायरचं भोक नेहमी बुजवून ठेवावं. टिकली पॉलिश पेपरने घासू नका. वरची चांदी गेली की आठवड्यात तीच कटकट. आख्खं बटन बदला, आणि बटनाचा अँपियर पॅनलवरच्या आकड्याएवढा तरी असू द्या. काही पॅनलमध्ये बटनाऐवजी हे काम रिले करते, तिथेही मोजायचा पॉइंट हाच.

हे दोन्ही बरे निघाले तरच मोटरच्या तारांकडे वळा. पॅनलच्या पट्टीवरून लाल, पिवळी आणि निळी तार सोडा आणि दोन-दोनमध्ये ओहम मोजा. रंगावर जाऊ नका, कोणती तार स्टार्टिंगची हे प्रत्येक जोडणारा आपल्या सवयीने ठरवतो. ज्या दोन तारांत सर्वांत जास्त ओहम येतो त्या रनिंग आणि स्टार्टिंग, उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून कमी ओहमची ती रनिंग, जास्त ओहमची ती स्टार्टिंग.

तुमच्या खोलीचं उदाहरण घेऊ. 280 फूट म्हणजे सुमारे 85 मीटर, जाऊन-येऊन 170. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या केबलचा तेवढ्या लांबीचा ओहम साधारण 1.3 भरतो. समजा निळी-लाल 3.9 आली, निळी-पिवळी 7.5 आणि लाल-पिवळी 10.1. पहिल्या दोनांची बेरीज 11.4 होते, म्हणजे तिसऱ्यापेक्षा 1.3 जास्त. हा फरक पाहून लोक कॉइल शॉर्ट झाली असं धरतात. खरं तर तो केबलचाच ओहम आहे, बेरजेत दोनदा धरला जातो. फरक केबलच्या हिशेबाएवढा असेल तर दोन्ही कॉइल सलग आहेत. तुमच्या मोटरचे आकडे थोडे वेगळे येतील, पण हिशेब असाच बसायला हवा.

पिवळीपासून दोन्हीकडे मीटर काहीच दाखवत नसेल तर स्टार्टिंगची वाट खाली कुठेतरी तुटली. त्यातही आधी बोअरच्या तोंडाजवळची केबल तपासा. तिथे ती क्लॅम्पखाली चेपते किंवा उंदीर कुरतडतात. त्यानंतर मोटरजवळचा जॉइंट, आणि शेवटी कॉइल. प्रत्येक तार आणि अर्थिंग यांच्यात मेगरने 500 व्होल्टवर मोजून घ्या. एका मेगाओमच्या खाली आलं तर केबलमध्ये किंवा मोटरमध्ये पाणी शिरलंय. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, त्याची बॅटरी 9 व्होल्टची असते. मेगर कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे असतो.

सगळं बरं असेल तर व्होल्टेज बघा, पण बटन दाबलेलं असताना. नुसता 225 दिसणं पुरेसं नाही. दाबल्यावर सुई 180 पर्यंत बसत असेल तर 230 व्होल्टच्या मानाने मोटरचा जोर सुमारे 61 टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. उचलताना करंट 25-30 अँपियर असतो, तेव्हा वर काढलेल्या 1.3 ओहमच्या केबलमध्येच आणखी 30-40 व्होल्ट खर्च होतात. 1.5 स्क्वेअरची केबल टाकली असेल तर जवळजवळ दीडपट. सर्व्हिस वायरचा ढिला सांधा, मीटरजवळची जळकी पट्टी, डीपीपासून लांब घर, कारण यांतलंच निघतं. अशा वेळी मोठा कंडेन्सर टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. लिहिलेल्या आकड्यापेक्षा मोठा टाकला तर स्टार्टिंग कॉइलवर जास्त करंट जातो आणि मग ती खरोखर जळते.

तपासताना एकच कडक नियम: हिरवं बटन तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. अडकलेल्या मोटरची कॉइल पाण्यात असूनही भराभर तापते. दोन वेळा प्रयत्न करून नाही उचललं तर दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात टाकीत पाणी नसतं आणि माणूस बटनावर बोट दाबून बसतो, बऱ्याच चांगल्या मोटरी अशाच जळतात.

नवं बटन आणि नवा काळा कंडेन्सर लावल्यावर पहिल्या सुरुवातीला सुईवर नजर ठेवा. सुई वर उडून एका सेकंदाच्या आत 7-8 अँपियरला उतरली पाहिजे. मग बटन सोडा. सोडल्यावर सुई किंवा आवाज अजिबात बदलला नाही तर लगेच लाल दाबा, नवा पॉइंटही सुटत नाहीये.

ओहम बरोबर, मेगर बरोबर, कंडेन्सर नवे, व्होल्टेज पुरेसं, तरीही सुई टोकाला राहत असेल तर पंप आतून अडकलाय. तुमच्या यावल-रावेर पट्ट्यात जमीन तापीच्या गाळाची, बोअरमधून बारीक वाळू येते. आठ-पंधरा दिवस बंद राहिलेल्या पंपात ती इंपेलरमध्ये बसते. तिकडे पारोळा-साक्रीकडे काळ्या पाषाणातल्या बोअरला हा त्रास कमी. पंप असा अडकला असेल तर मात्र मोटर काढावी लागेल. वर आल्यावर आधी पंप आणि मोटर वेगळे करा आणि दोन्हींचे शाफ्ट हाताने फिरवून पाहा. मोटर सहज फिरत असेल आणि पंप घट्ट असेल, तर पंप खोलून वाळू धुवा, कॉइल भरायला देऊ नका.