तवा भरायचा खेळ

ताई, मुलांना अपूर्णांक शिकवायला पत्त्यांचा खेळ करताय, तर सुरुवातीला अर्धा, पाव आणि अर्धपाव एवढेच घ्या, तृतीयांश नंतर. प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचा रिकामा गोल तवा द्या, आणि पत्ते म्हणजे त्याच मापाच्या घावनाचे तुकडे. (देवगडच्या पोरांना पिझ्झ्यापेक्षा घावन जवळचं.) तुकडे अंदाजाने कापू नका, गोल कागद दुमडून घडीवर कापा.

नवखे हमखास चुकतात ते रंगात. अर्धा लाल, पाव हिरवा केला की मुलं रंगच लक्षात ठेवतात, तुकड्याचं माप बघतच नाहीत. सगळे एकाच रंगाचे करा.

नियम बोलण्याऐवजी खेळून दाखवा: अर्धा, पाव, दोन अर्धपाव, तवा भरला! मावत नसेल तो पत्ता परत गड्डीखाली. अर्ध्याची वाट न बघता कुणी दोन पाव लावले, की समजा जमतंय.