फ्लेक्सी कॅप, मल्टी कॅप, मिड कॅप: मॅनेजरचे हात किती बांधलेले?

प्रश्न: म्युच्युअल फंडांतले फ्लेक्सी कॅप आणि मल्टी कॅप दोन्ही सगळ्या आकाराच्या कंपन्यांत पैसे घालतात म्हणे, मग दोन नावं कशाला? आणि मिड कॅप फंडात फक्त मिड कॅपच असतात का?

मिड कॅपचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. नाही, फक्त मिड कॅप नसतात. बाजार नियामक सेबीच्या व्याख्येप्रमाणे बाजारमूल्यात पहिल्या 100 कंपन्या लार्ज, 101 ते 250 मिड आणि 251 पासून पुढच्या सगळ्या स्मॉल. मिड कॅप फंडाने किमान 65 टक्के पैसे त्या मधल्या दीडशे कंपन्यांत ठेवायचे. उरलेले 35 टक्के मॅनेजरच्या मर्जीवर. एकजण त्यात मोठ्या बँका आणि थोडी रोकड ठेवतो, दुसरा तीस टक्के स्मॉल कॅप भरतो. दोघांच्याही फंडाचं नाव मिड कॅपच, पण बाजार पडला की दुसऱ्याचा एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, जास्त आपटण्याची शक्यता मोठी.

आता दोन नावांचं. 2017 साली सेबीने फंडांचे प्रकार ठरवून दिले, तेव्हा मल्टी कॅपला एकच अट होती: 65 टक्के शेअर्समध्ये. कुठल्या आकाराच्या, हे मॅनेजरने ठरवायचं. परिणामी बऱ्याच मल्टी कॅप फंडांत लार्ज कॅपचाच भरणा असायचा. सप्टेंबर 2020 मध्ये सेबीने फर्मान काढलं की नाव मल्टी असेल तर लार्ज, मिड आणि स्मॉल, तिन्हींत किमान 25-25 टक्के हवेत. फंड हाऊसेसची धावपळ उडाली. हजारो कोटींचा फंड चालवणाऱ्याने एवढा स्मॉल कॅप घाईघाईने आणायचा कुठून? ओरड झाली, आणि नोव्हेंबरमध्ये सेबीने फ्लेक्सी कॅप नावाचा नवा प्रकार काढून दिला: 65 टक्के शेअर्समध्ये, आकाराची अट नाही. म्हणजे जुन्या मल्टी कॅपलाच नवी पाटी. एचडीएफसी इक्विटीचा एचडीएफसी फ्लेक्सी कॅप झाला, कोटक स्टँडर्ड मल्टीकॅपचा कोटक फ्लेक्सीकॅप. त्यामुळे एखाद्या फ्लेक्सी कॅपचा दहा वर्षांचा इतिहास बघून चक्रावू नका, प्रकार 2020 चा असला तरी फंड जुना असू शकतो.

ही 25 टक्क्यांची अट कागदावर साधी दिसते, पण खरी जाणवते बाजार पडताना. समजा 1,000 कोटींचा मल्टी कॅप फंड आहे: लार्जमध्ये 450 कोटी, मिड आणि स्मॉलमध्ये 275-275. बाजार कोसळला. लार्ज 10 टक्के, मिड 20 आणि स्मॉल 30 टक्के खाली. आता लार्ज 405, मिड 220 आणि स्मॉल 192.5 कोटी, एकूण 817.5 कोटी. स्मॉलचा वाटा साडेतेवीस टक्क्यांवर आला. अट पाळायची तर मॅनेजरला लार्ज विकून सुमारे 12 कोटींचे स्मॉल कॅप घ्यावे लागतील, त्याला आवडो न आवडो. बाजारामुळे प्रमाण बिघडलं तर ते सुधारायला मुदत मिळते, पण सुधारावं लागतंच. ही सक्ती वाईटच असं मी म्हणत नाही. पडलेल्या भावात खरेदी होते, ती पुढे फळतेही. पण मंदी लांबली तर पडणाऱ्या शेअर्समध्ये भर टाकणं चालू राहतं.

फ्लेक्सी कॅपचा मॅनेजर याच वेळी स्मॉल कॅप शून्यावर आणू शकतो. 35 टक्क्यांपर्यंत रोख्यांत किंवा रोकडीत बसू शकतो. परदेशी शेअर्सही ठेवू शकतो, पराग पारिख फ्लेक्सी कॅप त्यासाठीच ओळखला जातो. मात्र इक्विटी फंडाचा कर लागू व्हायला सरासरी 65 टक्के भारतीय शेअर्स लागतात, त्यामुळे तिथेही मोकाट रान नाही.

म्हणून मल्टी कॅप घेताना तुम्ही प्रमाण विकत घेता. तिन्ही थर कायम असणार, किमान निम्मा फंड नेहमी मिड आणि स्मॉलमध्ये असणार. फ्लेक्सी कॅप घेताना माणसाची सवय विकत घेता, आणि ती नावात लिहिलेली नसते. ती बघायची तर फंड हाऊसच्या वेबसाइटवर दर महिन्याचा पोर्टफोलिओ असतो. कोसळलेल्या बाजाराचा 2020 चा मार्च आणि चढलेल्या बाजाराची 2021 ची अखेर, असे दोन टोकांचे महिने काढा आणि लार्ज, मिड, स्मॉल, रोकड यांचे टक्के शेजारी मांडा. कुठली कंपनी कशात हे फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी दर सहा महिन्यांनी जाहीर करते. आकडे हलले नसतील तर मोकळीक मिळूनही मॅनेजर ती वापरत नाही, आणि बहुतेक पैसे लार्जमध्येच असतील तर तो लार्ज कॅपच चालवतोय, फक्त खर्च फ्लेक्सी कॅपचा घेतोय.

आणि मॅनेजर बदलला की ही तपासणी पुन्हा करा. मल्टी कॅपमध्ये नवा माणूस आला तरी सांगाडा तोच राहतो, फ्लेक्सी कॅपमध्ये वर्षभरात आतला सगळा माल बदललेला असू शकतो.