चालणं एकच, मग घड्याळातली मिनिटं वेगळी का?

प्रश्न: मी 48, मिस्टर 52. आठवड्यातून पाच दिवस सकाळी 40 मिनिटं सोबतच चालतो, शेवटी एक छोटा चढ आहे. दोघांकडे एकाच कंपनीचं घड्याळ. माझी ॲक्टिव्ह मिनिटं आठवड्याला 320 होतात, त्यांची जेमतेम 35. आम्ही चालतोच मुळी 200 मिनिटं, मग 320 आली कुठून? आणि त्यांचं चालणं वाया जातंय का? रेस्टिंग पल्स माझा 78, त्यांचा 58. चालताना माझा 137 च्या आसपास असतो, त्यांचा 98. त्यांना बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू आहे.

उत्तर: त्यांचं चालणं अजिबात वाया जात नाहीये. आणि तुमची 320 ही मिनिटं नाहीत, गुण आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयरुग्णांचा व्यायाम घेते. जोडीनं चालणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे, प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार, किंवा दोन्ही मिळून तेवढं. म्हणजे जोरदार व्यायामाचं एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांच्या बरोबरीचं धरलंय. घड्याळांनी हाच हिशेब उचलला. फिटबिट आणि गार्मिन मध्यम झोनमधल्या मिनिटाला एक आणि जोरदारमधल्या मिनिटाला दोन देतात, गूगल फिटचे हार्ट पॉइंट्सही त्याच धर्तीवर. ॲपल मात्र दुप्पट करत नाही, तिथे मिनिट म्हणजे मिनिटच. तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायच्या भानगडीत पडू नका.

आता झोन कसा ठरतो ते बघा. फिटबिट 220 मधून वय वजा करून कमाल ठोके काढतं, त्यातून रेस्टिंग वजा करतं, आणि जी राखीव जागा उरते तिच्या 40 टक्क्यांपासून मध्यम झोन नि 60 टक्क्यांपासून जोरदार झोन धरतं. तुमचं घड्याळही असंच मोजतं असं धरून चालू. तुमचे कमाल ठोके 172, राखीव 94. मध्यम झोन 78 अधिक 38, म्हणजे 116 ला सुरू होतो आणि जोरदार 134 ला. तुम्ही 137 वर चालता, म्हणजे जोरदारच्या उंबरठ्याच्या जरा पलीकडे. पहिली चार मिनिटं ठोके चढेपर्यंत शून्य, मग आठ मिनिटं मध्यमची आणि उरलेली 28 जोरदारची असं धरलं, तर रोजचे 8 अधिक 56, म्हणजे 64 गुण होतात. पाच दिवसांचे 320. आला ना आकडा?

पण ते चालणं खरंच जोरदार आहे का, हे घड्याळापेक्षा तुमचा श्वास जास्त नीट सांगेल. मध्यम व्यायामात गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही. जोरदार व्यायामात चार शब्द बोललं की श्वास घ्यायला थांबावं लागतं. तुम्ही वाटभर मिस्टरांशी घरचे विषय बोलत चालत असाल, तर तो मध्यमच व्यायाम आहे, घड्याळ काहीही म्हणो. 220 वजा वय हा सूत्राचा अंदाज आहे, एखाद्या माणसात दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. तुमचे खरे कमाल ठोके 182 असतील तर जोरदार झोन 140 ला सुरू होईल आणि ती 28 मिनिटं एकेरीच मोजली जातील. मग आठवड्याचे 180 होतात, तरी 150 च्या वरच. त्यामुळे तुमच्याबाबतीत निकाल बदलत नाही, फक्त 320 चा डौल उतरतो.

याची दुसरी बाजू लोकांना फार गोंधळात टाकते. तीन-चार महिने नियमित चाललात की त्याच वेगाला ठोके कमी पडायला लागतील. समजा रेस्टिंग 72 वर आला आणि चालताना 126 राहिला. नवी जोरदारची रेघ 132, तुम्ही तिच्या खाली, आणि गुण एकदम 180 वर. तब्येत सुधारलेली असताना घड्याळ निम्म्यावर आल्यासारखं दाखवतं! अशा वेळी घाबरून वैद्यकीय तपासण्या करत बसू नका. वेग थोडा वाढवून बघा. उलट, वेग तोच असताना ठोके वाढत चालले असतील आणि दमही लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड जरूर तपासा.

आता मिस्टर. त्यांचे सूत्राने कमाल ठोके 168, राखीव 110, मध्यम झोन 102 पासून. ते 98 वर चालतात, म्हणून सपाट रस्त्यावर शून्य. रोज चढावरची सातेक मिनिटं तेवढी 102 ओलांडत असतील, त्याचेच आठवड्याला 35. गोम गोळीत आहे. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत, आरामातही नाही आणि चालतानाही नाही. (बीपीवरची ॲम्लोडिपिन त्या अर्थाने वेगळी आहे, तिने ठोके असे दाबले जात नाहीत.) गोळीवर असताना त्यांचे ठोके 168 पर्यंत जाणारच नाहीत, पण घड्याळाला गोळीचा पत्ता नाही. समजा गोळी घेऊन त्यांचे खरे कमाल ठोके 140 आहेत. मग राखीव 82 आणि मध्यम झोन 91 पासून. त्याच 98 ठोक्यांना सगळं चालणं मध्यममध्ये बसतं.

टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात त्या हृदयतपासणीचा, रिपोर्ट घरात असेल तर त्यातला सर्वात मोठा आकडा उचलून ॲपमध्ये कमाल म्हणून टाकायचा मोह होईल. आधी दोन गोष्टी बघा. टीएमटीच्या आधी ही गोळी पुष्कळदा बंद ठेवायला सांगतात, आणि ठरलेले ठोके गाठले की मशीन थांबवतात. यापैकी काहीही झालं असेल तर तो आकडा त्यांच्या रोजच्या कमाल ठोक्यांचा नाही. आणि घड्याळात गुण यावेत म्हणून गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका किंवा बंदही करू नका, अचानक थांबवलेला बीटा ब्लॉकर धोक्याचा असतो.

त्यांच्यासाठी ठोके सोडून पावलं मोजा. सपाटीवर एक मिनिट लावून पावलं मोजायची. मिनिटाला साधारण 100 पावलं म्हणजे बहुतेक प्रौढांसाठी मध्यम व्यायाम. तेवढा वेग असेल आणि बोलता येतंय, गाता येत नाहीये, तर सुरुवातीची संथ चाल वजा करूनही आठवड्याला 150 मिनिटं भरतात. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच धरा असं म्हणायचे, 2020 च्या शिफारशीत ती अट नाही.

पावलं मोजताना आणखी एक तपासून घ्या. पट्टा सैल असला की मनगटावरचा सेन्सर नाडीऐवजी पावलांचाच ठेका पकडतो. तुमची पावलं मिनिटाला 135 च्या घरात पडत असतील आणि घड्याळही 137 दाखवत असेल, तर संशय घ्या. जागेवर थांबून लगेच मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. 33-34 ठोके भरले तर घड्याळ बरोबर. 27-28 च भरले तर तुमचे ठोके 110 च्या आसपास आहेत, म्हणजे सूत्राच्या 116 च्याही खाली, आणि 320 मधले बरेचसे गुण पट्ट्याचे आहेत. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट घट्ट बांधून आठवडाभर पुन्हा बघा. तोवर तुम्हीही मिस्टरांसारखी पावलं आणि श्वासच धरा.

राहता राहिला ताकदीचा व्यायाम. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय आणि तो चालण्याच्या मिनिटांत धरलेला नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, यात ठोके फारसे चढत नाहीत, त्यामुळे घड्याळात जवळजवळ काहीच उमटत नाही. मिस्टरांनी यात श्वास रोखून जोर लावू नये, त्याने बीपी तेवढ्यापुरतं झपकन वर जातं. जोर लावताना श्वास सोडायचा.